बैठकीचा सारांश: काम कुणाचं ते कळावं, पण हुकूम वाटू नये (समस्या निवारण)

डोंबिवलीतल्या ४८ फ्लॅटच्या एका सोसायटीचा सचिव म्हणून माझं हे सातवं वर्ष. दर महिन्याला कमिटीची बैठक होते आणि दुसऱ्या दिवशी मी ग्रुपवर सारांश टाकतो: काय ठरलं, कोण काय करणार, कधीपर्यंत. आजूबाजूच्या तीन-चार सोसायट्यांचे सचिवही आता आपापले मसुदे मला आधी दाखवतात. बहुतेक मसुद्यांत बिघाड एकच असतो. कामं एक तर इतक्या दरडावून लिहिलेली असतात की माणसं दुखावतात, नाही तर इतक्या गुळमुळीतपणे की काम कुणाचं तेच कळत नाही. कधी कधी एकाच सारांशात दोन्ही सापडतं.

कमिटीतली माणसं पगारी नाहीत. नोकरी, मुलं, आजारी आईवडील सांभाळून ती वेळ देतात. त्यामुळे ऑफिसच्या मेलमध्ये खपून जाणारं वाक्य इथे खपत नाही. खाली लिहिलेलं सगळं सोसायटीच्या कमिटीसाठी आहे. गणेशोत्सव मंडळ किंवा शाळेची पालक समिती असेल तरी फारसा फरक पडणार नाही.

लक्षणं

सारांश पाठवल्यावर यातलं काही दिसलं तर बिघाड आहे असं समजा.

सगळ्यांचे अंगठे येतात, पण पुढच्या बैठकीत "हे कोण करणार होतं?" असा प्रश्न येतो. म्हणजे सारांश सौम्य होता, स्पष्ट नव्हता.

कुणी तरी खाली लिहितं, "ठीक आहे, बघतो." एरवी मोकळेपणाने बोलणारा माणूस अचानक तुटक झाला, तर त्याला वाक्य लागलेलं असतं. मी हे लक्षण सगळ्यात गंभीर मानतो, कारण असा माणूस भांडत नाही, हळूहळू बैठकीला येणंच बंद करतो.

"मी करतो असं मी कधी म्हटलं?" असा फोन येतो. इथे दोष शब्दांचा नाही, त्याच्या आधीचा आहे. त्याबद्दल चौथ्या तपासणीत.

एकच काम दोघांनी केलेलं निघतं, किंवा दोघांनाही वाटतं की दुसरा करतोय. बहुधा वाक्यात कर्ता नसतो.

एक प्रत्यक्ष उदाहरण

जवळच्याच एका सोसायटीचा हा सारांश, ११ मे २०२५ च्या रविवारी झालेल्या बैठकीचा. त्यांच्या सचिवांनी तो मला नंतर दाखवला, तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. मुळात काही नावं होती, ती काढून मी पदं लिहिली आहेत.

> ११ मे रोजीच्या बैठकीतील निर्णय खालीलप्रमाणे:
> १. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी त्वरित तीन कोटेशन मागविण्यात यावीत.
> २. खजिनदारांनी टाकी सफाईचा चेक यावेळी तरी वेळेत द्यावा.
> ३. पावसाआधी चेंबर साफ करून घ्यावेत.
> ४. ए विंगच्या प्रतिनिधींनी पार्किंगमधल्या बंद गाड्यांची यादी करावी.
> ५. आग विझवण्याच्या सिलिंडरबाबत शक्य झाल्यास कुणीतरी लक्ष घालावे.
> वरील बाबींची सर्व संबंधितांनी कृपया नोंद घ्यावी व विलंब टाळावा.

पाच कामांपैकी एकच झालं, चौथं, आणि तेही ए विंगच्या प्रतिनिधी ताई मुळातच टापटिपीच्या म्हणून. आता याच मसुद्यावर सोप्या तपासणीपासून सुरुवात करून अवघडाकडे जाऊ. पहिल्या तीन घरबसल्या होतात, मिळून पंधरा-वीस मिनिटांत. चौथीला फोन करावे लागतात.

पहिली तपासणी: सुरुवात, शेवट आणि टोमणे (दोन मिनिटं)

आधी फक्त पहिली आणि शेवटची ओळ वाचा. "खालीलप्रमाणे", "सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी", "विलंब टाळावा" ही नोटीस बोर्डाची भाषा आहे. ती वाचली की पाणी बंद राहणार असल्याची सूचना किंवा थकबाकीची यादी डोळ्यांसमोर येते. मधला मजकूर कितीही चांगला असला तरी या दोन ओळींनी त्याचा सूर ठरून जातो. ओळी काढून टाका. त्यांच्यावाचून काहीही अडत नाही.

"कृपया" या शब्दाने भाषा मऊ होते असा समज आहे. "कृपया नोंद घ्यावी" मध्ये तसं होत नाही, उलट बँकेच्या पत्रासारखं वाटतं. "त्वरित", "तातडीने", "विनाविलंब" हे शब्दही काढा. त्यांतून तारीख कळत नाही, फक्त दटावणी कळते.

मग टोमणे शोधा. मराठीत ते छोट्या शब्दांत दडलेले असतात: "यावेळी तरी", "पुन्हा एकदा", "आठवण करून देण्यात येते की", आणि क्रियापदाला चिकटलेला "च". "यादी आणावी" आणि "यादी आणावीच" यांत एका अक्षराचं अंतर आहे, पण दुसऱ्यात मागची सगळी नाराजी उतरते. वरच्या सारांशातला "यावेळी तरी" खजिनदार काकांना फार लागला. मार्चमध्ये चेकला उशीर झाला होता हे खरं, पण त्या सोसायटीत चेकवर दोन सह्या लागतात आणि दुसरी सही करणारे अध्यक्ष तेव्हा दहा दिवस गावाला गेलेले. ही गोष्ट कमिटीबाहेरच्या कुणालाच माहीत नव्हती. ग्रुपवरच्या सगळ्यांनी एवढंच वाचलं की खजिनदार चेक वेळेत देत नाहीत. काकांनी ग्रुपवर अवाक्षर काढलं नाही. फक्त जूनच्या बैठकीत राजीनामा पुढे ठेवला.

याच तपासणीत एक गोष्ट जोडून घ्या, तिला काही खर्च नाही. सारांश लिहिणाऱ्याचं स्वतःचं काम यादीत आहे का ते बघा, आणि ते सगळ्यात वर ठेवा. वरच्या पाचांत सचिवांच्या नावावर एकही काम नव्हतं. प्रत्यक्षात पालिकेकडे अर्ज करण्यापासून वॉचमनच्या पगारापर्यंत बरंच काही तेच करत होते, पण "ते तर मी करतोच" म्हणून लिहीत नव्हते. मग वाचणाऱ्याला दिसतं ते इतकंच की हा माणूस सगळ्यांना कामाला लावतोय. पहिल्या ओळीत "अर्ज मी देतो, गुरुवार १५ मे" असं आलं की खालच्या ओळींचा सूर आपोआप बदलतो.

दुसरी तपासणी: क्रियापद (दहा मिनिटं)

जवळजवळ सगळा बिघाड इथे असतो, म्हणून इथे वेळ द्या. प्रत्येक ओळीतल्या क्रियापदाखाली रेघ मारा आणि ते कोणत्या रूपात आहे ते बघा.

"मागविण्यात यावीत" हे शासन निर्णयातलं रूप. त्यात काम असतं, हुकूम असतो, माणूस नसतो. सरकारी आदेशात ते चालतं, कारण कोणत्या कार्यालयाने काय करायचं ते आधीच ठरलेलं असतं. नऊ जणांच्या कमिटीत तसं काही ठरलेलं नसतं. त्यामुळे हे वाक्य दरडावणारंही ठरतं आणि अस्पष्टही. कोटेशन कुणीच मागवली नाहीत, यात मला नवल वाटलं नाही.

"द्यावा", "करावी", "घ्यावेत" हा विध्यर्थ. त्याची घडण नीट बघा: "खजिनदारांनी चेक द्यावा". माणसाला "नी" लागतो आणि क्रियापद कर्तव्य सांगतं. ते कर्तव्य ठरवणारा कुणी तरी वाक्याबाहेर उभा असतो, आणि वाचणाऱ्याला तो सारांश लिहिणाराच वाटतो. शाळेच्या सूचना, परीक्षेची प्रश्नपत्रिका, देवळातली पाटी, सगळीकडे आपण हेच रूप वाचत मोठे झालो. बरोबरीच्या माणसाला ते लिहिलं की आपण नकळत पाटी लिहिणाऱ्याच्या जागी जाऊन बसतो.

"खजिनदार काका चेक देतील" असं लिहिलं की काका वाक्याचे कर्ते होतात आणि लिहिणारा बाजूला होतो. ही बैठकीत ठरलेल्या गोष्टीची बातमी झाली. काम तेच, जबाबदारी तीच, पण वर कुणी उभं नाही.

मात्र सगळीकडे "-तील" लावत सुटू नका, त्यानेही गोंधळ होतो. माणसाने होकार कसा दिलाय त्यावरून मी तीन रूपं वापरतो.

ज्याने बैठकीत स्वतःहून "मी करतो" म्हटलं, त्याच्यासाठी "घेतलं आहे": "कोटेशनचं काम दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी घेतलं आहे." ही घडलेल्या गोष्टीची नोंद आहे. यात हुकूम शिरायला जागाच नाही, आणि पुढाकार घेणाऱ्याला त्याचं श्रेयही मिळतं. मला हे तिन्हींत सगळ्यात आवडतं.

ज्याच्या पदाचंच ते काम आहे, त्याच्यासाठी "-तील" किंवा "-णार आहेत": "खजिनदार काका चेक देतील."

आणि जो बैठकीला नव्हता, त्याच्यासाठी यांपैकी काहीच नाही. गैरहजर माणसाबद्दल "ताई यादी करतील" असं लिहिणं म्हणजे त्यांना गृहीत धरणं. ते "करावी" पेक्षाही जास्त लागतं, कारण वरून सौम्य दिसत असल्यामुळे तक्रारही करता येत नाही. तिथे खरं आहे ते लिहा: "यादीसाठी ताईंचं नाव सुचलं आहे, त्यांच्याशी बोलून कळवतो."

आता दुसरं टोक. हुकूम टाळायच्या नादात बरेच जण "शक्य झाल्यास", "जमेल तसं", "लक्ष घालावे", "बघून घेतील" असं लिहायला लागतात. यातलं "बघणं" विशेष धोक्याचं. मराठीत "मी बघतो" म्हणजे "मी ते काम करतो", आणि "मी बघतो" म्हणजे "नंतर ठरवू". बोलताना आवाजावरून कळतं, लिहिताना कळत नाही. वरच्या पाचव्या ओळीत "शक्य झाल्यास", "कुणीतरी" आणि "लक्ष घालावे" असे तिन्ही शब्द एकत्र आले आणि सिलिंडर वर्षभर तसेच लटकत राहिले. सौम्यपणा कामाच्या वर्णनात घालू नका. मागवणं, मोजणं, भरणं, फोन करणं अशी थेट क्रियापदं वापरा. सौम्यपणा क्रियापदाच्या रूपात येऊ दे.

जाता जाता आदरार्थी बहुवचनाबद्दल. कमिटीत चोवीस वर्षांचा मुलगा असतो आणि सत्तरीचे आजोबाही. बोलताना आपण "तो करेल" आणि "ते करतील" म्हणतो, पण यादीत सगळ्यांना "करतील"च लिहा. एका ओळीत "करेल" आणि दुसरीत "करतील" आलं की त्या मुलाला आपण पोऱ्या आहोत असं वाटतं. संबोधनाचंही तसंच: ज्याला जे म्हणता तेच लिहा. एकाला "साहेब" आणि बाकीच्यांना नुसतं आडनाव, असं होऊ देऊ नका.

तिसरी तपासणी: एक माणूस, एक तारीख, एक कारण (पाच-सात मिनिटं)

प्रत्येक ओळीवर तीन बोटं ठेवून बघा: माणूस कुठे, तारीख कुठे, कारण कुठे.

माणूस एकच असावा. दोघांची नावं लिहायचीच असतील तर पुढे कोण आणि मदतीला कोण ते सांगा. "आपण" हा शब्द तर यादीतून काढाच. मराठीत "आपण" म्हणजे "तुम्ही" आणि "आपण" म्हणजे "आम्ही आणि तुम्ही मिळून". "आपण चेंबर साफ करून घेऊ" ऐकायला गोड लागतं, पण सफाईवाल्याला फोन कुणी करायचा ते त्यातून कधीच कळत नाही.

तारीख वारासकट लिहा. "पुढच्या रविवारी" म्हणजे काहींसाठी येता रविवार, काहींसाठी त्यानंतरचा. "२० तारखेपर्यंत" यात वीस तारीख धरायची की नाही यावरही मी वाद ऐकले आहेत. "मंगळवार २० मे, संध्याकाळी" असं लिहिलं की प्रश्न मिटतो.

आणि "पावसाआधी" ही तारीख नव्हे. मुंबईत मोसमी पाऊस दाखल होण्याची नेहमीची तारीख ११ जून धरतात. त्या कमिटीतल्या सगळ्यांच्या डोक्यात तीच होती, म्हणजे हातात महिना आहे असं प्रत्येकाला वाटत होतं. २०२५ साली मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोचला. चेंबर तुंबलेलेच होते. बी विंगच्या पार्किंगमध्ये घोटाभर पाणी साचलं आणि दोन स्कूटर बंद पडल्या. नंतर कळलं की सफाईवाल्याचा नंबर ज्यांच्याकडे होता त्यांना वाटलं सचिव फोन करतील, आणि सचिवांना वाटलं नंबर ज्यांच्याकडे आहे तेच करतील. दोघेही कामाची माणसं, दोघांच्याही मनात काळजी होती. "साफ करून घ्यावेत" या वाक्यात कर्ताही नव्हता आणि तारीखही नव्हती.

कारण लिहायचा बहुतेकांना कंटाळा येतो, पण हुकूम आणि विनंती यांतला फरक तिथेच पडतो. "चेक रविवारपर्यंत द्या" म्हटलं की प्रश्न पडतो, का म्हणून? "टाकीवाला सोमवारी सकाळी येतोय आणि निम्मे पैसे आधी मागतो, म्हणून चेक रविवारी रात्री हवा" असं म्हटलं की घाई टाकीवाल्याची ठरते, सचिवांची नाही. तारीख कामातूनच आलेली आहे हे वाचणाऱ्याला दिसतं. कारण एकाच ओळीचं असावं, आणि कामातलंच असावं. "मागच्या वेळी उशीर झाला म्हणून" हे कारण नव्हे, तो टोमणाच झाला.

काम संपलं हे कशावरून समजायचं, तेही चार शब्दांत लिहिता आलं तर उत्तम. "गाड्यांची यादी" पेक्षा "गाडीचा नंबर, मालकाचा फ्लॅट आणि एक फोटो" हे जास्त उपयोगाचं. नाही तर माणूस मेहनत करून यादी आणतो आणि बैठकीत ऐकतो, "फोटो नाही काढलेत?" त्याचा पुढच्या वेळचा उत्साह तिथेच संपतो.

चौथी तपासणी: होकार खरा आहे का? (फोन, अर्धा तास)

ही अवघड आहे, कारण इथे लिहून भागत नाही. मसुदा तयार झाला की तो ग्रुपवर टाकण्याआधी ज्यांच्या नावावर काम आहे त्यांना फोन करा. निदान त्यांची ओळ त्यांना खाजगीत पाठवा: "तुमच्या नावावर हे असं लिहितोय, बरोबर आहे ना?"

बैठकीतला होकार नेहमी होकारच असतो असं नाही. रात्री साडेनऊ वाजलेले असतात, सगळ्यांना घरी जायचं असतं, आणि कुणी तरी म्हणतं, "हे तुम्हीच करा ना." समोरचा मान हलवतो. त्या मान हलवण्याचं "घेतलं आहे" केलंत तर दुसऱ्या दिवशी फोन येणारच. मला एकदा एका काकूंनी सांगितलं, "मी हो म्हटलं नव्हतं रे, मी ऐकत होते." तेव्हापासून मी हे फोन कधीच चुकवत नाही.

फोनवर बहुतेक वेळा तारीख बदलते, कधी माणूस बदलतो, आणि कधी कळतं की वाटेत वेगळीच अडचण आहे: नंबर नाही, चावी नाही, सही करणारा गावाला आहे. खजिनदार काकांना एक फोन झाला असता तर दुसऱ्या सहीची गोष्ट तिथेच कळली असती. अडचण कळली की ती सारांशात येऊ द्या: "नंबर मी पाठवतो", "गच्चीची चावी वॉचमनकडे ठेवली आहे". कामासोबत अशी मदत आली की मग सूर हुकमाचा राहत नाही.

हे सगळं चोवीस तासांत उरका. तीन दिवसांनी आलेल्या सारांशात प्रत्येकाची आठवण वेगळी झालेली असते, आणि मग शब्दाशब्दावर हरकत निघते.

दुरुस्त केलेला सारांश

त्या सचिवांसोबत बसून मी तोच मसुदा पुन्हा लिहिला. उपयोग त्या बैठकीला नव्हता, पण त्यांना नमुना हवा होता. माणसं, तारखा आणि अडचणी मे महिन्यात विचारल्या असत्या तर जी उत्तरं मिळाली असती तीच घातली आहेत.

> रविवार ११ मे च्या बैठकीत ठरलं ते असं. काही चुकलं असेल तर आज रात्रीपर्यंत मला फोन करा, दुरुस्त करतो.
>
> रस्त्यावरच्या गटाराबद्दल पालिकेकडे अर्ज: मी देतो, गुरुवार १५ मे. पोच ग्रुपवर टाकतो.
>
> चेंबर सफाई: बी विंगच्या प्रतिनिधी काकांनी घेतली आहे. सफाईवाल्याचा नंबर त्यांच्याकडे आहे. मंगळवार २० मे पर्यंत, कारण या वर्षी पाऊस लवकर येईल असं म्हणतात.
>
> टाकी सफाई: खजिनदार काका रविवार १८ मे ला रात्री चेक देतील, कारण टाकीवाला सोमवारी सकाळी येतोय. अध्यक्ष शनिवारी गावाला जाणार आहेत, म्हणून त्यांची सही मी शुक्रवारीच घेऊन ठेवतो.
>
> गच्चीचं वॉटरप्रूफिंग: तीन कोटेशन मिळवायचं काम दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी घेतलं आहे. शनिवार ३१ मे. तिघांनाही गच्चीचं माप एकच द्यायचं आहे, ते मी पाठवतो.
>
> पार्किंगमधल्या बंद गाड्या: ए विंगच्या ताई यादी करतील (गाडीचा नंबर, फ्लॅट, फोटो). रविवार २५ मे.
>
> आग विझवण्याचे सिलिंडर: अजून कुणी घेतलेलं नाही. परवानाधारक एजन्सीला फोन करून तपासणीची तारीख घ्यायची, एवढंच काम आहे. कुणाला जमेल ते कळवा. बुधवारपर्यंत कुणी नसेल तर मी करतो.

शेवटची ओळ बघा. मालक नसलेलं काम झाकायचं नाही. "कुणी घेतलेलं नाही" असं सरळ लिहायचं, काम किती लहान आहे ते सांगायचं आणि तारीख द्यायची. "कुणीतरी लक्ष घालावे" पेक्षा हे कितीतरी स्पष्ट आहे, आणि कुणाला टोचतही नाही.

हा सारांश आधीच्यापेक्षा लांब झाला आहे, हे मला मान्य आहे. काही सचिवांची हीच तक्रार असते. पण आधीच्या आखूड सारांशानंतर किती फोन आले ते मोजा.

राहिलेल्या कामांचं काय?

पुढच्या सारांशात राहिलेलं काम लिहिताना वाक्य माणसापासून सुरू करू नका, कामापासून करा. "काकांनी अद्याप कोटेशन दिलेली नाहीत" असं नको. "कोटेशन: दोन आली, तिसरं बाकी, आता रविवार २२ जून" असं लिहा. झालेलं आधी, बाकी नंतर, मग नवी तारीख. नवी तारीख त्या माणसाने स्वतः सांगितलेली असावी, म्हणजे आधी त्याच्याशी बोलायला हवं. एकाच कामाची तारीख दोनदा पुढे गेली तर तिसऱ्यांदा ग्रुपवर लिहू नका. त्याच्या घरी जाऊन काम दुसऱ्याकडे देऊ का ते विचारा. बऱ्याचदा त्याला सुटल्यासारखं वाटतं.

त्या सोसायटीने जूनपासून असे सारांश लिहायला घेतले. पहिल्या महिन्यात सहापैकी चार कामं वेळेत झाली. कोटेशन तरीही रखडली, कारण वॉटरप्रूफिंगवाले पावसात गच्ची बघायलाच येईनात. त्यावर शब्दांचा इलाज नव्हता. खजिनदार काकांची सचिवांनी घरी जाऊन माफी मागितली, आणि जुलैच्या सारांशात मार्चच्या चेकचं खरं कारण एका ओळीत लिहिलं. राजीनामा मागे घेतला गेला.

इथे थांबा आणि जाणकाराला विचारा

हे सगळं ग्रुपवरच्या सारांशापुरतं आहे. मिनिट्स बुकातलं इतिवृत्त ही वेगळी गोष्ट. त्यात ठरावाचे शब्द, सूचक, अनुमोदक असतात आणि पुढे ऑडिटमध्ये किंवा वादात तेच बघितलं जातं. सौम्य करायच्या हेतूने ठरावाचा एक शब्दही बदलू नका. मंजूर झालेलं इतिवृत्त तर हातातही घेऊ नका. चूक सापडली तर पुढच्या बैठकीत दुरुस्तीचा विषय घ्या, आणि ती कशी नोंदवायची ते सोसायटीच्या ऑडिटरला किंवा उपनिबंधक कार्यालयात विचारून घ्या.

थकबाकीची नोटीस, सभासदावर कारवाई, गळतीवरून दोन फ्लॅटमधला वाद, कामगाराला काढून टाकणं, यांपैकी काही सारांशात येत असेल तर सूर सुधारत बसू नका. तो मजकूर ग्रुपवर जाताच कामा नये. सहकार कायदा जाणणाऱ्या वकिलाकडून पत्र लिहून घ्या. तिथे शब्द मऊ केला तर अर्थ बदलू शकतो, आणि कडक केला तर अंगाशी येऊ शकतो.

लिफ्ट आणि अग्निसुरक्षा यांत सभासदाच्या नावावर फक्त फोन करणं, तारीख घेणं आणि कागद फाइलला लावणं एवढंच लिहा. महाराष्ट्रात अग्निसुरक्षेचा फॉर्म बी जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडूनच घ्यावा लागतो. "काका सिलिंडर तपासतील" हे वाक्य कितीही छान लिहिलं तरी चूकच आहे.

आणि एखाद्या माणसाशी चारही तपासण्या करून, फोन करून, घरी जाऊनही दोन-तीन महिने तेच होत असेल, तर मसुदा परत परत घासू नका. बिघाड आता शब्दांत नाही. अध्यक्षांना किंवा दोघांच्याही विश्वासातल्या एखाद्या जुन्या सभासदाला मध्ये घ्या आणि समोरासमोर बसा. तोवर त्या माणसाचं नाव सारांशात कुठल्याही कामापुढे लिहू नका.